रात्रीचे सत्तावीस
बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी अजाइल, म्हणजे थोडं थोडं करून तपासत सॉफ्टवेअर लिहायची पद्धत, शिकवतो. नोकरी कंत्राटी, दरवर्षी नव्याने अर्ज. निमगाव केतकीहून एसटीने येतो आणि एसटी उशिरा आली की बोलणीही मीच खातो.

आमच्या लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर तीन-तीन मुलं बसतात. तपासणी समितीला आमच्या साहेबांनी सांगितलं, की हे पेअर प्रोग्रॅमिंग आहे. मुलं मात्र खरंच जोडीने काम करायला शिकली होती. एकाने कोड टाइप करायचा, दुसऱ्याने शेजारी बसून पुढचा विचार करायचा आणि चुका धरायच्या. वीसेक मिनिटांनी जागा बदलायच्या. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर सगळ्यांचा कोड दिवसातून अनेकदा एकत्र व्हायचा आणि दर वेळी सगळ्या चाचण्या, म्हणजे कोडचं उत्तर बरोबर येतं का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, आपोआप धावायच्या. एक जरी नापास होऊन लाल झाली, तरी आधी ती दुरुस्त करायची, मग पुढचं काम. समिती यायच्या दिवशी मला ते मशीन बंद ठेवायला सांगितलं, लाल दिसलं तर बरं दिसत नाही म्हणून. मी बंद ठेवलं.

वर्गात एका वाक्यावर मी फार जोर द्यायचो. आधी चाचणी लिहा, ती लाल होताना डोळ्यांनी बघा, मग ती हिरवी होण्यापुरता कोड लिहा आणि मग तो नीट आवरा. जी चाचणी कधी लालच झाली नाही, ती काही तपासते की नाही हे कळत नाही. मुलं माना डोलवायची. मनापासून ऐकणारी एकच होती, इंदापूरकडची, पेरूची बाग असलेल्या घरातली मुलगी. जोडीत ती शेजारी बसली, की टाइप करणाऱ्याला घाम फुटायचा.

प्रात्यक्षिक परीक्षेला मीच प्रश्न काढला होता. कालव्याच्या पाण्याची पाळी किती वाजता सुरू झाली आणि किती तासांची आहे हे दिलं, तर ती किती वाजता संपेल ते सांगायचं. परीक्षेला जोडी नाही. तिथे जोडीला कॉपी म्हणतात. मध्येच वीस मिनिटं लाईट गेली. ती वेळ कोणी वाढवून दिली नाही.

बाहेरून आलेले परीक्षक स्क्रीन बघत फिरले. सगळीकडे हिरवं. सकाळी आठला सुरू, चार तास, संपली बाराला. छान, छान. त्या पेरूच्या बागेवाल्या मुलीच्या स्क्रीनवर दिवसाची चाचणी हिरवी होती आणि तिच्याखाली एक लाल: रात्री दहाला सुरू, पाच तास. अपेक्षित तीन, मिळाले सत्तावीस. चोवीसच्या पुढे गेलं तर चोवीस वजा करायचे, एवढी एकच ओळ लिहायची राहिली होती. वर्गातल्या बहुतेकांचा प्रोग्रॅम सत्तावीसच सांगत होता. फक्त त्यांनी त्याला रात्रीचं विचारलं नव्हतं.

परीक्षक म्हणाले, उत्तर चुकलंय, प्रोग्रॅम अपुरा आहे. मुलगी माझ्याकडे वळली.

"सर, तुमीच म्हणला हुता, आदी लाल दिसलंच पायजे."

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. ते आमच्या विभागप्रमुखांचे स्नेही आणि माझा अर्ज विभागप्रमुखांच्या टेबलावर. मी म्हणालो, "वेळेत पूर्ण करायला हवं होतं." गुणपत्रिकेवर दोघांच्या सह्या लागतात. पंचवीसपैकी नऊ. पास व्हायला दहा लागतात. मी सही केली, याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या महिन्यात कंपनी मुलाखतींना आली. विषय राहिलेल्यांना दारातच परत पाठवलं. सत्तावीसवाले चौघं निवडले गेले. पेढे मीही खाल्ले.

सहा महिन्यांनी तिने तो विषय पुन्हा दिला. परीक्षक दुसरे, प्रश्न तोच, कारण नवा काढून विभागप्रमुखांच्या नजरेत यायचं मला धाडस झालं नाही. तिने आधी कोड लिहिला, मग तीन चाचण्या, तिन्ही दिवसाच्या. तिन्ही पहिल्या फटक्यात हिरव्या. तेवीस गुण मिळाले.

ती बॅग उचलून निघाली तेव्हा मी दारापाशी गाठून विचारलं, रात्रीच्या पाळीचं काय केलंस.

"रातची न्हाय तपासली, सर," ती शांतपणे म्हणाली. "लाल दिसलं असतं."