‘स्वखुशीने’

रघुवीर तांबट सरकारी छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले तरी ओळीखाली पट्टी धरून वाचायची सवय गेली नाही. लग्नपत्रिकासुद्धा तशीच वाचायचे. मोशीच्या ‘शुभांकुर’मध्ये आम्हा दोघांचे फ्लॅट एकाच मजल्यावर, म्हणून ओळख. नाहीतर असल्या किचकट माणसापासून मी चार हात लांबच राहिलो असतो.

त्यांना घर हवं होतं ते लिफ्टसाठी. कासारवाडीत ते तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत आणि सरोजवहिनींचे दोन्ही गुडघे गेलेले. वहिनींच्या थोरल्या बहिणीची, अक्कांची तळमजल्यावरची खोली दोन गल्ल्या पलीकडे होती, पण त्यांनाही जिना चढवत नव्हता. मग अक्का रिक्षाने येऊन खाली रस्त्यावर उभ्या राहायच्या आणि दोघी बहिणी गॅलरी ते रस्ता अशा गप्पा मारायच्या. खुर्चीत बसवून खाली न्यायला वहिनी तयार नव्हत्या, म्हणायच्या, “मी काय गणपती आहे?”

भोगवटा प्रमाणपत्र आलं आणि ताब्यासाठी बिल्डरच्या ऑफिसात बोलावणं आलं. तांबट पेढे घेऊन आले होते. काउंटरवरच्या मॅडमनी कागद पुढे सरकवला. क्लबहाउसची मेंबरशिप दीड लाख, देखभाल अनामत पंचाहत्तर हजार.

तांबटांनी पिशवीतून नोंदणी झालेला करार काढला, पट्टी ठेवली. “मॅडम, क्लबहाउस इथे सामायिक सोयींत लिहिलंय, म्हणजे फ्लॅटच्या किमतीतच आलं. देखभालीचे बारा महिन्यांचे आगाऊ पैसे लिहिलेत, तो चेक हा घ्या. अनामत कुठल्या पानावर आहे?”

“काका, सगळेच भरतायत.”

“सगळे भरतात ते पान दाखवा.”

मागे रांगेत कुणीतरी हसलं. मीही हसलो. माझा वास्तुशांतीचा मुहूर्त होता आणि गुरुजींचा दुसरा फोन येऊन गेला होता.

तांबट शेवटी नमले. म्हणाले, “ठीक आहे. पैसे भरतो. पण पावतीवर ‘हरकत राखून’ असं लिहीन. आणि हा ‘स्वखुशीने’ शब्द खोडेन.” ताबा पावतीवर छापलेलं होतं, की वरील रक्कम मी स्वखुशीने भरत असून माझी कोणतीही तक्रार नाही.

“खाडाखोड चालत नाही काका. आहे तशी सही करा, नाहीतर किल्ली नाही.”

तांबट माझ्याकडे वळले. “ढमढेरे, आपण दोघांनी मिळून अडवलं तर यांना ऐकावं लागेल. हा एक शब्द वाचून तरी सही करा.”

“अहो तांबट, शब्दाने काय होतंय?” असं म्हणून मी सही ठोकली. त्यांनी पेढ्यांचा पुडा पिशवीत परत ठेवला आणि ते गेले.

त्यांनी महारेराकडे तक्रार केली. प्रकरण आधी सलोखा मंचापुढे गेलं. तिथे बिल्डरच्या वकिलाने आमच्या बासष्ट पावत्या मांडल्या. सगळ्यात वरची माझी. “बासष्ट जणांनी खुशीने भरले, एकट्या यांनाच काय झालंय?” तांबट एवढंच म्हणाले, “त्यांचं त्यांना विचारा. माझा करार हा आहे.” समेट झाला नाही. मग सुनावणी, मग पुढची तारीख. आठ महिने गेले. निकाल लागला, की करारात नाही ते मागता येणार नाही, ताबा द्या.

सातव्या महिन्यात मुलाने अक्कांना कायमचं सुरतेला नेलं. जाताना त्या रिक्षा थांबवून खाली उभ्या राहिल्या. शेजारी ट्रकचा हॉर्न वाजत होता, एकमेकींचं काही ऐकूच आलं नाही.

तांबट राहायला आले तेव्हा आम्ही बासष्ट जण पैसे परत मागत होतो. बिल्डरने आमच्याच पावत्या आमच्या तोंडावर मारल्या. मग मी शहाणा तांबटांच्या दारात उभा राहिलो, तक्रारीचा मसुदा करून द्या म्हणून. एका शब्दाने टोमणा मारला नाही त्यांनी. पट्टी घेऊन बसले.

“सक्तीने घेतलं हे सांगता येईल. पण अवघड आहे,” ते म्हणाले. मग आत बघून हळू आवाजात बोलले, “ढमढेरे, माझंही चुकलंच हो. तुमच्यासारखी सही करून टाकली असती, तर अक्का सुरतेला जाईपर्यंत ही रिक्षाने रोज त्यांच्याकडे गेली असती.”

मला म्हणायचं होतं, की मी सही केली नसती तर आठ महिने लागलेच नसते. ते तोंडातून निघालं नाही, आणि आज त्याचंच जास्त वाईट वाटतं.

जाताना मी वहिनींना म्हटलं, “चला, लिफ्टने खाली चक्कर मारू.”

“नको भाऊजी,” त्या म्हणाल्या. “खाली कोण आहे आता?”