दोरे जिथे एकमेकांना ओलांडतात

शिवणकाम करणारी मावशी आठवीनंतर शाळेत गेली नव्हती, आणि म्हणूनच तिला परीक्षेला बसता आलं. परीक्षा शेजारच्या मुलीची. तिला जन्मापासून दिसत नाही. ती सांगणार आणि मावशी लिहिणार. लिहिणाऱ्याला तो विषय येत नसावा, असा नियम. कार्यालयातल्या कारकुनाने मावशीचा दाखला पाहिला आणि म्हणाला, "तुमच्याकडून कॉपीची भीतीच नाही."

"नाही हो," मावशी म्हणाली, "मला दुधाचा हिशेब जमला तरी पुरे."

पण ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, तर वाण नाही पण गुण लागतोच. दोन वर्षं ती मुलीला गणिताचं पुस्तक वाचून दाखवत होती. आकृती आली की अडायचं. मग मावशी जाड कापडावर दोरे शिवायची, एक सरळ तिरका, एक पाळण्यासारखा खाली झुकून पुन्हा वर जाणारा, आणि मुलगी त्यावरून बोटं फिरवायची. "इथपर्यंत हा वर, इथून तो वर," असं पुटपुटत दोरे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे नख रोवायची. तिथे तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्यात जो वरचा, त्याचंच इंटिग्रेशन करायचं. मग सगळी बेरीज. मावशीला हे बेतण्यासारखंच वाटायचं. चुकीच्या जागी कापलं की कापड गेलं.

मुलीला पुढे पदवीच्या गणिताच्या वर्गात जायचं होतं आणि तिथे गणितात नव्वद गुणांखाली कुणाला घेत नव्हते. पेपर शंभराचा. दोन प्रश्न तिने सोडून दिले. "आठ गेले," ती स्वतःशीच म्हणाली. "आता एकही सांडायचा नाही."

मग तो पाच गुणांचा प्रश्न आला. मावशीने वाचला: एक्स आणि एक्सचा वर्ग, दोघांपैकी जो मोठा, त्याचं उणे एकपासून दोनपर्यंत इंटिग्रेशन करा.

मुलीचा चेहरा खुलला. "लिही, मावशी. एक्स वर्ग बरोबर एक्स. दोन्हीकडून एक्स काटला. म्हणून एक्स बरोबर एक."

मावशीला ऐकताक्षणी चूक कळली. दोन्हीकडून एक्स काटला की शून्य हातचं जातं. कापडावर दोरे दोनदा भेटत होते, एकदा शून्यापाशी, एकदा एकपाशी. शून्याच्या डावीकडे सरळ दोरा खाली बुडतो आणि पाळणा वर असतो.

खोलीत तिसरी होती ती पर्यवेक्षिका. तिची नजर मावशीच्या हातावरच होती. आणि मावशीला माहीत होतं, पेन थांबलं तरी मुलीला कळतं. दोन वर्षांत सरावाचे पेपर सांगताना ती पोर कागदावरची खरखर ऐकून मावशीचं मन वाचायला शिकली होती. म्हणून पेन थांबवणं ही सुद्धा चोरीच. देवाला स्मरून सही केली होती ना, सांगेल तेच लिहीन म्हणून.

पेन चालत राहिलं.

"एक्सच्या जागी अर्धा घेऊन पाहिला," मुलगी म्हणाली. "अर्ध्याचा वर्ग पाव. म्हणजे एकच्या आधी एक्स मोठा. उणे एक ते एक, एक्सचं इंटिग्रेशन शून्य. एक ते दोन, वर्गाचं सात छेद तीन. उत्तर सात छेद तीन."

मावशीने लिहिलं. शून्याच्या डावीकडचा वर्गाचा एक छेद तीन आणि शून्य ते एकमधला एक्सचा एक छेद दोन धरले असते, तर एकोणीस छेद सहा झाले असते. शाई वाळत होती.

शेवटची वीस मिनिटं उरली. "मावशी, तो मोठ्याचा प्रश्न पुन्हा वाच."

मावशीने पान मागे उलटलं. देवा, आता तरी. तिने सरळ आवाजात वाचलं. कुठे जोर नाही, कुठे श्वास नाही. "दोन्हीकडून एक्स काटला" हेही तसंच, भाजीची यादी वाचावी तसं. मुलीने मान तिरकी केली. बोटं बाकावर हलली. पर्यवेक्षिका जवळ येऊन उभी राहिली.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "पुढचा वाच."

घंटा झाली. सांगितलं तेच लिहिलं, अशा कागदावर मावशीने पुन्हा सही केली. पर्यवेक्षिका म्हणाली, "फार नेटकं लिहिता तुम्ही." मावशीने पेनाला टोपण लावलं.

बाहेर मुलीने तिचा कोपर धरला आणि आईला फोन लावला. "आई, ब्याण्णव कुठे गेले नाहीत. हो, मावशी इथेच आहे, दमली असेल बिचारी."

पाचातले दोन मिळाले तरी एकोणनव्वद. परवा रसायनशास्त्र होतं, त्यानंतर अजून एक पेपर. आज सांगितलं तर पोर त्या दोन्हींत कोसळेल. नाही सांगितलं तर निकालापर्यंत हे रोज गिळायचं, आणि निकालानंतर ती विचारेल, तुला माहीत होतं का.

"मावशी, बोलत का नाहीस?"

"पायऱ्या आहेत पुढे," मावशी म्हणाली. "सावकाश उतर."