टेन्शनच्या दिवशी निम्मं

दोन हजार सालानंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मी वर्ध्याला वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीत फोनवर बसत असे. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक आम्ही काढत होतो आणि वीज त्या वेळापत्रकाप्रमाणेही जात नाही, हे सांगायला लोक फोन करत. मी फक्त तक्रार लिहून घेणारी होते. पण पलीकडच्या माणसाला वाटे, तारेचं एक टोक माझ्याच हातात आहे आणि मी ते मुद्दाम ओढून ठेवलंय.

एका उन्हाळ्यात माझी छाती धडधडू लागली. फोन वाजला की हात गार पडायचे, श्वास वरच्या वर राहायचा. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं आणि जरा निराश होऊनच म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. टेन्शन घेता तुम्ही. घाम निघेल असा व्यायाम करा."

मी हिशोबी बाई. जितकं टेन्शन जास्त तितका घाम जास्त, असा मी त्या वाक्याचा अर्थ लावला.

आम्ही तेव्हा बोरगाव मेघेला राहत होतो. दोन गल्ल्या सोडून एका खेळाच्या शिक्षिकेनं तिच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये बायकांसाठी संध्याकाळची बॅच सुरू केली होती. ती शाळेत मुलींना कबड्डी शिकवायची. स्वतःही एके काळी चांगली खेळलेली. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण आम्ही सगळ्या तिला मॅडमच म्हणायचो. शेडमध्ये डंबेल्स, दोऱ्या, चढउतार करायला लाकडी पाट आणि एक पंखा होता. पंखा बहुतेक वेळा बंद असायचा, आणि त्याबद्दल सगळ्या माझ्याकडे बघायच्या.

पहिला महिना मी पेटून व्यायाम केला. ज्या दिवशी कार्यालयावर मोर्चा यायचा, त्या दिवशी तर मी दोरीच्या उड्या थांबवतच नसे. दमून पडलं की झोप लागेल आणि झोप लागली की उद्याचा फोन उचलता येईल, अशी माझी साखळी होती. प्रत्यक्षात मी दमून पडायचे आणि पडून राहायचे. अंग लाकडासारखं, डोकं मात्र लख्ख जागं. पहाटे तीनला धडधडत जाग यायची. सकाळी जिना चढताना मांड्या भरून यायच्या. नवऱ्यानं चहात साखर कमी आहे म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. नवरा शिक्षक. तो शांतपणे म्हणाला, "व्यायामानं तू सुधारते आहेस असं मला वाटत नाही." मला वाटलं, अजून कमी पडतंय.

मग एका मोर्चाच्या संध्याकाळी मी दोरी उचलली, तेव्हा मॅडमनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ताई, काल किती झोपल्या?"

"चार तास असेल."

"आणि आज दिवसभर?"

"आज लोक टेबलावर चढले होते."

"मंग दोरी काऊन पाह्यजे तुमाले?"

"टेन्शन काढायला."

ती हसली नाही. म्हणाली, "अंगाले थोडीच समजते का हे ऑफिसचं टेन्शन हाये आन् हे दोरीचं. त्याच्यासाठी दोन्ही वजनच. दिवसभर लोकाईनं लादलं, आता मी बी लादू?"

"मग मी घरी जाते," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"घरी जाऊन काय करसान? फोनच आठवत बसान. चला माह्यासंगं."

तिनं मला गच्चीवर वीस मिनिटं नुसतं फिरवलं. अट एकच, सोबत बोलत राहायचं. बोलताना वाक्य तुटलं की ती चाल कमी करायची. मग सगळ्यांत हलके डंबेल्स दिले आणि आठव्यांदा उचलल्यावर "बस" म्हणाली. मी म्हटलं, "अजून तीन-चार सहज होतील." ती म्हणाली, "थे तीन-चार घरी घेऊन जा." शेवटी पाठीवर झोपवून सावकाश श्वास सोडायला लावला, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. मला भयंकर अपमान वाटला. महिन्याची फी भरून मी गच्चीवर फेऱ्या मारत होते.

त्या रात्री सहा तास झोपले. हे मी तिला दोन दिवस सांगितलं नाही.

तिनं मला एक वही करायला लावली. सकाळी जाग आल्यावर, पाय जमिनीवर ठेवायच्या आधी, मिनिटभर नाडी मोजायची. किती तास झोप झाली ते लिहायचं. माझी नाडी एरवी बहात्तरच्या आसपास असे. खराब दिवसांनंतर ती ब्याऐंशी-चौऱ्याऐंशीला जायची. झोप कमी आणि नाडी वर, असं दोन-तीन दिवस सलग दिसलं, की त्या दिवशी निम्मं. झोप चांगली झाली असेल, तर मोर्चा येवो नाहीतर मंत्री येवो, नेहमीसारखा व्यायाम. आणि दर रविवारी, फोन बंद, पोटभर झोप झालेली, तेव्हा ती मला पाटावर चढवून-उतरवून अक्षरशः पिळून काढायची. त्या चढउतारात छाती जोरात धडधडायची आणि मी घाबरून थांबले की म्हणायची, "हे तेच धडधडणं हाये, ताई. आता तुमी त्याले मुद्दाम बोलावलं. थांबा, पाहा, आपोआप जाते का नाई." दोन मिनिटांत ते जायचं. छाती धडधडली म्हणून माणूस मरत नाही, हे मला डॉक्टरांच्या पट्टीनं पटलं नव्हतं. त्या पाटानं हळूहळू पटवलं.

या निम्म्याची बातमी बॅचभर पसरली आणि आमच्या गच्चीवर टेन्शनची साथ आली. बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेल्या एक काकू होत्या. त्यांनी सुरुवात केली.

"मॅडम, आज मले लय टेन्शन हाये. सून माहेरी जातो म्हणते."

दुसऱ्या दिवशी सून परत येते म्हणाली, त्याचंही टेन्शन झालं. कुणाला पाहुण्यांचं, कुणाला मालिकेतल्या नायिकेचं. आठवड्याभरात गच्चीवर सगळ्या नुसत्या गप्पा मारत फिरत होत्या आणि एकमेकींपेक्षा आपलंच दुःख कसं मोठं ते सिद्ध करत होत्या. अधिकृत त्रासलेली म्हणून माझा जो मान होता, तो गेला. खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं.

मॅडमनं वाद घातला नाही. नवा नियम काढला. "टेन्शन असो का नसो, आधी सगळ्याईनं दहा मिनिटं हलकं करायचं. दहा मिनिटांनी अंग मोकळं झालं, तर तो आळस होता, पुढं चालायचं. अंग जडच राह्यलं, पाय ओढत असतील, छाती अगोदरच पळत असन, तर निम्मं." काकूंचं अंग रोज अकराव्या मिनिटाला मोकळं होऊ लागलं. त्यांना ते आवडलं नाही, पण पुढं त्यांचे दुखरे गुडघे सुधारले, तेव्हा श्रेय त्यांनी स्वतःच्या मालिशच्या तेलाला दिलं.

यानंतरची चूक माझी एकटीची. काकूंच्या रांगेत आपण नाही हे दाखवायच्या हट्टानं, दोन रात्री नीट झोप नसताना मी मॅडमला सांगितलं, "सात तास झोपले. आज पूर्ण द्या." वहीतही तसंच लिहिलं. स्वतःच्याच वहीत खोटं लिहिणारी मी पहिली नसेन. दहा मिनिटांनी पाय ओढत होते, तरी मी हसत राहिले. तिनं पाट दिला, दोरी दिली, जड डंबेल्स दिले. मी सगळं केलं. उतरताना कठडा धरावा लागला.

रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सेलूकडच्या एका गावातून तार तुटल्याची तक्रार आली. मी ती लिहून घेतली आणि दुरुस्तीच्या गाडीला पत्ता दिला केळझरचा. का, ते आजही सांगता येत नाही. गाडी केळझरला गेली. तार शोधली, सापडली नाही. मग आलोच आहोत तर म्हणून त्या लोकांनी तिथल्या गणपतीचं दर्शन घेतलं, नाश्ता केला आणि प्रसाद घेऊन परत आले. प्रसाद मलाही मिळाला, त्याच्या पाठोपाठ मेमो मिळाला. सुदैवानं तार तुटलेल्या गावातल्या लोकांनी तारेजवळ कुणाला जाऊ दिलं नव्हतं. तो विचार मात्र मला बरेच दिवस छळत राहिला.

संध्याकाळी मी मॅडमपुढे वही ठेवली आणि खरा आकडा सांगितला. तिनं वहीची मागची पानं उलटून पाहिली.

"मी तुमच्या अंगावरून नाई, तुमच्या बोलण्यावरून वजन देलं," ती म्हणाली. "पाय ओढत होते, मले दिसलं होतं. माही बी चूक हाये."

त्यानंतर आठवडाभर तिनं मला हलकंच दिलं. मी हुज्जत घातली नाही.

मेमोंची संख्या वाढली होती, माझ्या एकटीच्याच नव्हे. वर कुणाच्या तरी लक्षात आलं की कर्मचारी तणावाखाली आहेत. म्हणून तणावमुक्ती शिबिर ठरलं, पहाटे साडेपाच वाजता, मैदानावर, हजेरी सक्तीची. नेमकी आदल्या रात्री वादळानं निम्म्या जिल्ह्याची वीज घालवली आणि आम्ही सगळे रात्रपाळी करून तसेच मैदानावर आलो. आमच्या साहेबांचे डोळे लाल होते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांची झोप मात्र छान झालेली दिसत होती. त्यांनी शिट्टी वाजवली.

"चार राउंड! जोर लावा! टेन्शन मातीत गाडा!"

सगळे धावले. मी चालू लागले. साहेब माझ्याजवळून धावत गेले, पुढच्या फेरीत पुन्हा आले आणि धापा टाकत म्हणाले, "मॅडम, काऊन चालून राह्यल्या? रिपोर्ट जाते वर."

मी मैदानावर, साहेबांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "सर, रात्री मी झोपलेच नाही. आज मी चालणारच. आणि तुम्हीही झोपला नाहीत."

ते थांबले. दोन्ही हात कमरेवर ठेवून शिट्टीवाल्याकडे बघितलं. मग माझ्या बाजूनं चालू लागले. अर्धी फेरी झाली. नंतर म्हणाले, "मले दोन वर्षांपासून नीट झोप नाई, मॅडम." मी विचारलं, नाडी मोजता का. ते म्हणाले, ते काय असते. मी चालता चालता समजावून सांगितलं. एकदा त्यांचं वाक्य तुटलं, तेव्हा मी चाल कमी केली. मागं पाहिलं तर हजेरी क्लार्क आणि दोघे वायरमनही आमच्यामागं चालत होते. तज्ज्ञ शिट्टी वाजवत राहिले.

माझी धडधड पुरती गेली नाही. आठवड्याला येणारी ती दोन-चार महिन्यांनी येऊ लागली, आणि आली की मी तिला जरा वेळ बसू द्यायचे. साहेबांनी वही केली की नाही मला माहीत नाही. पण शिबिराचा अहवाल मीच टाइप केला. तो त्यांनी उभ्यानं सांगितला आणि सांगताना माझ्याकडे बघायचं टाळलं: सर्व कर्मचाऱ्यांनी चारही फेऱ्या उत्साहाने धावून पूर्ण केल्या.