चार्जर परत करण्याचं कारण

आईवडिलांनी त्याचं नाव ताइस्तो ठेवलं, म्हणजे त्यांच्या भाषेत लढाई. अठ्ठावन्न वर्षांत ताइस्तो राउतिओलाच्या आयुष्यात लढाई म्हणून जे काही आलं, ते एवढंच. बाकी सगळा तह.

गावोगाव फिरणाऱ्या वाचनालयाची बस तो चालवायचा, आणि आपण किती भिडस्त आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःचे किस्से तो स्वतःच रंगवून सांगे. एकदा दाताच्या डॉक्टरांनी चुकीच्या बाजूला बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं. आता सांगितलं तर बिचारे ओशाळतील, म्हणून ह्यानं दुखरी दाढ तशीच, डोळे मिटून कोरून घेतली आणि निघताना ‘छान झालं’ म्हणाला. न्हाव्यानं एक कल्ला वर आणि एक खाली ठेवला तर हा जूनच्या उन्हाळ्यापर्यंत कानटोपी घालून हिंडला. भीड भिकेची बहीण म्हणतात. ताइस्तोच्या घरी तर ती पाहुणी म्हणून आली आणि कायमची राहिली.

त्या फेब्रुवारीत त्यानं मार्केट्टाच्या दुकानातून फोनचा एक चार्जर घेतला. पांढरा. मार्केट्टा शाळेत त्याच्याच वर्गातली. नवरा गेल्यापासून विजेच्या सामानाचं दुकान एकटीनं चालवत होती, आणि हायवेवर मोठी दुकानं झाल्यापासून ते कसंबसंच चालत होतं. गावातला प्रत्येक भला माणूस निदान बल्ब तरी तिच्याकडूनच घ्यायचा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. ताइस्तोनं चार्जरला हात लावला आणि बोटं चटकन तोंडात घातली. शेवटी ओव्हनचा हातमोजा घालून त्यानं तो भिंतीतून उपटला.

“उद्याच्या उद्या परत कर,” त्याची बायको तूलिक्की म्हणाली. “आणि सांग की तापतो. नीट सांग. घर लाकडाचं आहे आपलं.”

“सांगतो ना.”

“काय सांगशील? म्हणून दाखव.”

त्यानं म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बसमध्येही, दोन थांब्यांच्या मध्ये, मोठ्यानं तीनदा म्हटलं. मग तो दुकानात शिरला, काउंटरमागून मार्केट्टा हसून म्हणाली, “ये ये, काय झालं?” आणि ताइस्तोचं सगळं पाठांतर वाहून गेलं. ती एकटी. तिचं आधीच चालत नाही. त्यात आपण जाऊन म्हणायचं की तुझा माल घर जाळेल?

“रंग,” तो म्हणाला. “पांढरा बरा नाही दिसत.”

मार्केट्टानं एकही प्रश्न विचारला नाही. बिल बघितलं, डबी धड आहे का पाहिलं आणि त्याच्या हातात काळा चार्जर ठेवला. तीच कंपनी, तीच डबी, पोटातलं यंत्रही तेच.

“म्हणजे आता आपण काळ्या रंगात जळायचं,” तूलिक्की म्हणाली.

काळाही तापला. तेव्हापासून राउतिओलांच्या घरी फोन चार्ज व्हायचा तो शेगडीपासून दूर, दगडी ओट्यावर ठेवलेल्या बिडाच्या जड तव्यात, आणि दोघांपैकी एकजण त्यावर पहारा करायचा. रविवारी पॅनकेक हवे असतील तर आधी फोन भरून होईपर्यंत थांबायचं. ताइस्तोला वाटलं, प्रश्न मिटला. आपला मूर्खपणा आपल्या घरात राहिला, कुणाला त्रास नाही.

मग मार्चमधल्या एका मंगळवारी आउनेआजी बसमध्ये चढली.

आउनेआजी चौऱ्याऐंशीची. जुन्या लाकडी घरात एकटी राहायची, आठवड्याला खुनाच्या चार कादंबऱ्या फस्त करायची आणि गावातली कुठलीही बातमी संध्याकाळच्या आत सगळ्यांना पोचवायची. तिनं पिशवीत हात घातला आणि ताइस्तोच्या नाकासमोर एक पांढरा चार्जर नाचवला.

“बघ, निम्म्या किमतीत! मार्केट्टाच्या टोपलीत पडला होता. कुणीतरी परत केलेला. का केला विचारलं, तर म्हणे रंग पसंत पडला नाही. चार्जरचा रंग, ताइस्तो! लग्नात घालायचा झगा आहे का तो? असली खुळी माणसं आपल्या गावात राहतात, आणि वर मतदानही करतात.”

ताइस्तोचे कान लालबुंद झाले. “तापतो का?” त्यानं हळूच विचारलं.

“वीज आहे ती. थंडगार कशी राहील?”

“आणि लावता कुठे?”

“पलंगावर, उशीपाशी. पोराचा फोन आला की ऐकू यायला नको का?”

आता खरं तर दोन शब्दांत काम होतं. पण त्या दोन शब्दांनी तो खुळा कोण हे कळणार, आणि मार्केट्टाच्या मालाची बदनामी अंधार पडायच्या आत चर्चपासून दूध डेअरीपर्यंत पसरणार. म्हणून ताइस्तोनं आपली अक्कल चालवली.

“आजी, माझ्याकडे काळा आहे. तो घ्या आणि हा मला द्या.”

आउनेनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुलाही रंगाचं वेड लागलं का रे?” असं म्हणून तिनं चार्जर पिशवीत टाकला, चार खून काखोटीला मारले आणि उतरून गेली.

पुढच्या थांब्यावर ताइस्तोनं एका मुलाला घोड्यांच्या पुस्तकाऐवजी आयकराचं पुस्तक दिलं. त्याच्या डोळ्यांपुढून ते घर हलेना. नव्वद वर्षं वाळलेलं लाकूड, थंडी अडवायला भिंतींत भरलेला भुसा आणि मधोमध लोकरीची घोंगडी ओढून पडलेली म्हातारी. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त. दाढ त्याची स्वतःची होती. हे घर दुसऱ्याचं होतं. शेवटचा थांबा सोडून त्यानं बस सरळ घराकडे वळवली.

“चार्जर दे,” तो दारातूनच म्हणाला. “आणि बिल.”

तूलिक्कीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अख्खा तवाच त्याच्या हातात दिला. “तव्यासकट ने. नाहीतर येताना निळा घेऊन येशील.”

दुकानात त्यानं तवा काउंटरवर ठेवला. मार्केट्टा हसायच्या आत त्यानं डोळे मिटून घेतले, दाताच्या डॉक्टरांकडे मिटले होते तसेच.

“मार्केट्टा, हा तापतो. हात लावता येत नाही एवढा. प्लास्टिक जळल्याचा वास येतो. ह्यानं आग लागेल. आधीचा पांढराही असाच तापत होता, रंगाचं मी खोटं बोललो. मला बदली नको, कारण बदली म्हणजे पुन्हा हाच. पैसे परत हवेत. आणि तो पांढरा आउनेआजीच्या उशीपाशी आहे.”

कळफलकाची टकटक ऐकू आली, म्हणून त्यानं एक डोळा उघडला. मार्केट्टा कॉम्प्युटरवर वाचत होती.

“महिन्याभरात सहा परत आलेत,” ती म्हणाली. “ऐक कारणं. रंग, तो तू. वायर आखूड. घरात आधीच एक आहे. बायकोला आवडला नाही. पाद्रीबुवांनी लिहिलंय, आता गरज उरली नाही. डबी फार मोठी.” तिनं मान वर केली. “डबी! आणि तापतो असं एकानंही म्हटलं नाही. चांगले दिसत होते म्हणून मी ते पुन्हा टोपलीत ठेवले.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“हो का? म्हणजे माझी दया येते म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून मला आगपेट्या विकू दिल्या? ह्यातून एखादं घर पेटलं असतं तर जबाबदार कोण, ताइस्तो? ज्यानं विकला तो. एवढी माया करू नका रे माझ्यावर, मला परवडत नाही ती.”

मार्केट्टानं भिंतीवरचे आणि टोपलीतले उरलेले चार्जर काढून काउंटरवर ओळीनं मांडले आणि पाठीवरचे बारीक आकडे ताइस्तोच्या चार्जरशी ताडून पाहिले. सगळे एकाच लॉटमधले. तिनं घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, ह्या मालाबद्दल तापण्याची एकही तक्रार आमच्याकडे नाही, लेखी पाठवा.

“ऐकलंस? एकही तक्रार नाही.” तिनं तक्रारीचे कोरे फॉर्म काढले. “लिही. मला म्हणालास तसंच लिही, एक शब्द कमी नको. हा व्यापाऱ्याला जाईल, आणि सुरक्षेच्या सरकारी कचेरीला मी आजच कळवते. ज्यांनी ज्यांनी घेतलाय त्या सगळ्यांना फोन करायचे. तुझा चार्जर फेकायचा नाही, त्यांना तपासायला लागेल.”

त्यानं लिहिलं. तिनं पैसे परत दिले, ते त्यानं न बघता खिशात कोंबले. मग तिनं पहिला फोन आउनेला लावला. तिकडे फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मार्केट्टानं दाराला पाटी लावली, आणि वाचनालयाची बस आयुष्यात पहिल्यांदा ठरल्यापेक्षा जास्त वेगानं धावली.

आउनेआजी अंगणात लाकडं फोडत होती. “आज मंगळवार दोनदा आहे का?” तिनं कुऱ्हाड खाली ठेवत विचारलं.

“आजी, चार्जर कुठंय?” ताइस्तो धापा टाकत होता. “तो लावू नका. आग लागेल. तो परत करणारा खुळा मीच. रंगासाठी नव्हता केला. तापतो म्हणून केला होता.”

आउने दोघांना आत घेऊन गेली. पलंगावर फोन होता, त्याची वायर पलंगावरच पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे जात होती, आणि बोर्डाखाली चिनी मातीची फुलाफुलांची बशी सारली होती. मार्केट्टानं आधी बोर्डाची पिन भिंतीतून काढली, मग ताइस्तोचा लोकरी हातमोजा घालून चार्जर उपसला. बशीशेजारी घोंगडीवर तळहाताएवढा तपकिरी डाग होता.

“बशी कशाला ठेवलीत, आजी?”

“तापतो ना.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी कळलं. घोंगडी करपली तेव्हा.”

“मग येऊन बोलला का नाहीत?” मार्केट्टाचा आवाज चिरकला.

“निम्म्या किमतीत घेतलेल्या वस्तूला नावं ठेवणं बरं दिसतं का?” आउने पायांकडे बघत म्हणाली. “आणि तुझं आधीच चालत नाही, पोरी. म्हटलं, उगाच कशाला.”

मार्केट्टा मटकन पलंगावर बसली. ताइस्तोला हसू आलं, मग त्या डागाकडे पाहून ते विरलं. मार्केट्टानं खिशातून एक कोरा फॉर्म काढून आजीपुढे ठेवला. आउनेनं चष्मा चढवला आणि कितीतरी वेळ घेऊन, वळणदार अक्षरात लिहिलं: ‘वस्तू चांगली आहे. किंचित गरम होते.’

ताइस्तोनं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि दोन्ही वाक्यं खोडली.

“पुन्हा लिहा, आजी,” तो म्हणाला. “घोंगडी समोर ठेवून लिहा.”