हलका लॅपटॉप

आप्पांना कुठलीही वस्तू आधी उचलून बघायची खोड होती. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत लेथवर उभं आयुष्य गेलेलं. कलिंगड असो की कुकर, हातात घेऊन झोका दिल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. पुण्याच्या दुकानात त्यांनी लॅपटॉपलाही तसाच झोका दिला, आणि दुकानदाराचा जीव टांगणीला लागला.

मी पुण्यात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते. काष्टीला, आमच्या वस्तीत, विहार बांधायचं ठरलं होतं आणि आप्पा भर बैठकीत बोलून बसले होते की नकाशा माझी पोरगी काढील. मी काढलाही. पण कागदावरच्या रेघा बघून वस्तीतल्या म्हाताऱ्यांना काय कळणार कपाळ! त्यांचं म्हणणं एकच, आत गेल्यावर कसं दिसंल ते दाखव. म्हणून लॅपटॉप. त्यावर थ्रीडीचं सॉफ्टवेअर चालायला हवं, आणि तो एसटीनं काष्टीपर्यंत नेता यायला हवा.

दुकानात दोन जुने लॅपटॉप होते. एक जाडजूड, पाट्यासारखा जड. दुसरा वहीएवढा. मेमरी दोन्हीत सारखी, चिप दोन्हीत त्या काळची फोर-एटी-सिक्स. मी विचारलं, थ्रीडी चालेल ना? दुकानदार म्हणाला, दोन्हीत एकच चिप आहे म्हटल्यावर का नाही चालणार? आप्पांनी दोन्ही उचलून पाहिले.

"ह्यो जड घिऊन तू एसटीत उभी ऱ्हाशील व्हय?" म्हणाले, आणि हलका माझ्या खांद्याला लावला.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर टाकलं. ते उघडलं, मॅथ को-प्रोसेसर सापडत नाही म्हणालं आणि बंद झालं. थ्रीडीची सगळी आकडेमोड करणारा तो भाग जड लॅपटॉपच्या चिपमध्ये होता. हलक्यातली चिप त्याच नावाची, पण स्वस्तातली, त्या भागावाचून. कॉलेजच्या सगळ्या कॉम्प्युटरांत तो असायचाच, म्हणून असं काही वेगळं असतं हे आम्हां पोरांना ठाऊकच नव्हतं. वरून बसवायला आत जागा नाही. दुकानदार परत घेईना. मला इतकं रडू आलं, आणि राग नक्की कुणावर काढावा तेही कळेना.

मग कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नंबर लावून विहाराच्या थ्रीडी मॉडेलचं एकच चित्र रेंडर, म्हणजे उजेड-सावलीसकट तयार, करून घेतलं. त्या एका चित्रालाच अख्खी दुपार गेली. दारातून आत पाहिलं तर मधे एकही खांब नाही, आणि छताच्या फटीतून बुद्धांच्या मूर्तीवर उतरलेला उजेड. ते चित्र फ्लॉपीवर घेतलं. तयार चित्र दाखवण्यापुरता लॅपटॉप चालत होता. मात्र हलकेपणाच्या पायी त्याचा फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा वेगळा, पिशवीतून न्यायचा.

रविवारी वंदना झाल्यावर मी लॅपटॉप समाजमंदिरात टेबलावर ठेवला. करडा पडदा, समोरून बघाल तरच दिसणार. मंडळी एकेक करून पुढं येऊन वाकली. उजेड आवडला सगळ्यांना. शेवटी आमची आत्या आली. बराच वेळ बघून म्हणाली, "हे दारातलं झालं. आमी बाया मागं भिताडाकडंला बसतो. तिथून मूर्तीचं तोंड दिसंल का?"

दिसलं असतं. जड लॅपटॉप असता तर मॉडेलमधला कॅमेरा भिंतीकडं सरकवून, बारकं कच्चं चित्र चहा होईस्तोवर तिला दाखवलं असतं. आता माझ्याकडं नुसतं तोंड होतं. मी हातवारे करकरून सांगितलं, पण बैठकीतले एक वडीलधारे म्हणाले की दिसत न्हाई ते बांधायचं कसं. मिस्त्रीनंही एक नकाशा दिला होता, तोच पक्का झाला. तसलं विहार शेजारच्या गावात उभं होतं, जाऊन बघता येत होतं. त्यांचंही काही चुकलं नाही.

परतताना पिशवी आप्पांनीच खांद्याला घेतली होती. त्यावर थ्रीडी का चालत नाही, हे मी त्यांना स्टँडवर सांगितलं. नगर येईस्तोवर पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही त्यांनी.

विहार झालं. स्लॅबखाली चार खांब, आणि पुढचे दोन बरोबर मूर्तीच्या आड येणारे. आत्या गेली ती शेवटपर्यंत मान वाकडी करूनच वंदना म्हणत. आप्पांचे गुडघे गेल्यापासून तेही मागं भिंतीला टेकून बसायला लागले. एकदा मी शेजारी होते. त्यांनी खांबाच्या या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं, आणि हळूच विचारलं, "तुझ्यात खांब नव्हता ना?"

"नव्हता, आप्पा."

"मी जडच घ्याया पायजे हुता," म्हणाले, आणि खांबाकडं बघतच हात जोडले.