पाच सीसी

जनकाबाईंच्या हाताला सवय होती, आणि त्या दिवशी सवयीनेच घात केला. लोणारजवळच्या त्या छोट्या दवाखान्यात त्या अकरा वर्षं नर्स होत्या. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, औषधं जेमतेम यायची. टाके घालताना जागा बधिर करायचं लिग्नोकेन कायम एक टक्क्याचं असायचं, म्हणून चार-पाच वर्षांच्या लेकराला पाच सीसी भरायचं, हे त्यांचं ठरलेलं माप.

चार वर्षांची रुख्मिणी विळ्यावर पडली होती, पोटरी चांगली फाटली होती. वजन बारा किलो. डॉक्टर म्हणाले, "नेहमीसारखं भरा." जनकाबाईंनी पाच सीसी भरून सुई त्यांच्या हाती दिली.

डॉक्टरांनी दोन सीसी जखमेच्या कडेने टोचलं. बाटली ठेवताना जनकाबाईंची नजर तिच्यावरच्या चिठ्ठीवर गेली. दोन टक्के. नव्या खोक्यातली बाटली होती ती.

"साहेब, थांबा. माझं चुकलं. हे दोन टक्क्याचं आहे."

डॉक्टरांचा हात जागीच थांबला. किलोमागे साडेचार मिलिग्रॅम, म्हणजे बारा किलोला चौपन्न. त्यापुढे जायचं नाही. दोन टक्क्याच्या एका सीसीत वीस मिलिग्रॅम, म्हणजे पाच सीसीत शंभर. पोरीच्या जीवावर बेतलं असतं.

"चाळीस गेले. चौदा उरले," डॉक्टर म्हणाले. "पाऊण सीसीलाही थोडं कमीच. तेवढ्यात तेवढंच सलाईन मिसळा, म्हणजे एक टक्क्याचं होईल आणि जखमेला पुरेल. बाकीचं फेका."

जनकाबाईंनी तसं करून दिलं, टाके पडले. पण टोचलेलं औषध रक्तात मुरायला वेळ लागतो. जास्त झालं तर आधी तोंडाभोवती मुंग्या, गुंगी, मग झटके, मग श्वास बंद. हिशेब बसला होता, तरी जनकाबाईंचा स्वतःवरचा भरवसा उडाला होता. त्या पोरीजवळून हलेनात.

रडून थकलेल्या रुख्मिणीचे डोळे मिटू लागले. टाके पडेपर्यंत बाहेर थांबवलेली तिची आई गोजरबाई आता आत आली होती, तिला बरं वाटलं.

"झोपू द्या न तिले, बाई."

"थोडं थांब माय. रुख्मे, तुया घरी बकरी हाय का? काय नाव तिचं?"

"काळी," पोर पुटपुटली.

नाडी, श्वास, ओठ. जनकाबाईंनी तासभर तेच पाहिलं. गोजरबाईला काहीच ठाऊक नव्हतं, ती निवांत बसली होती. जनकाबाईंना तिचा तो निवांतपणा सोसवेना. शेवटी त्यांनी दहाव्यांदा हाक मारली तेव्हा रुख्मिणी वैतागली आणि तिने त्यांचा हात जोरात झिडकारला.

"मले भूक लागली. तू जाय."

जनकाबाई खुर्चीत बसल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण तासभर उभ्या होतो. गोजरबाई पाया पडायला वाकली. "तुमच्यामुळं वाचली हो माही पोर."

त्यांनी तिला वाकू दिलं नाही. दोन्ही हातांनी धरून समोर बसवलं. "नाही माय. माह्यामुळं जाणार होती," त्या म्हणाल्या, आणि सगळं तिला सांगितलं.