आत्याबाईंचे गुरुवार पुसताना

आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हापासून दोघांचे फोन बिघडले की माझ्याच हातात येतात, कारण मी एका शाळेच्या कार्यालयात संगणकावर बसते आणि त्यांच्या मते ज्याला की-बोर्ड कळतो त्याला जगातलं सगळं कळतं.

एका रविवारी आत्या स्वयंपाकघरात आल्या, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मला त्या मेसेजच्या ॲपातनं निघायचं हाय. पार निघायचं. माझा पत्ता बी ऱ्हायला न्हाई पायजे."

पुण्याच्या नणंदेनं त्यांना नवा फोन पाठवला होता. जुना मामांना जाणार होता. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, होटगीला वर्षानुवर्षं नोंदवह्या सांभाळलेले. कुठलाही कागद पुढं आला की आधी मागची बाजू वाचणारे. नातेवाइकांच्या ग्रुपमधल्या भांडणांना आत्या तशाही कंटाळल्या होत्या. त्यामुळे ॲप सोडायचं, हे मला पटलं.

"मग फोन पूर्ण पुसूनच देऊ की," मी म्हणाले.

"तसं न्हाई चालायचं. ह्यांना त्यातलं फोटो पायजेत. नुसतं ॲप काढ. आन् त्यातलं पैशाचं."

"ॲपचं चित्र काढून टाकलं तर खातं तसंच राहतं, आत्या. आधी बँक काढायची, मग आतून खातं डिलीट करायचं, मग ॲप."

"कर की मग. आन् ती यादी बी पूस."

मी सेटिंग्जमध्ये जाऊन पेमेंट्स उघडलं. वर त्यांच्या बँकेचं नाव होतं, खाली व्यवहारांची यादी. यादी बघून मी थबकले. दर गुरुवारी, एकाच बाईला, सारखीच रक्कम. आणि सोबत लिहिलेलं: भाजी. भाजी. भाजी. एकदा नुसतं 'वांगी'.

"आत्या, ही कोण?"

आत्यांनी दाराकडं पाहिलं. मग पदर खोचला. "कुणाला सांगू नगस. ती स्कूटी शिकवती. बायकांना. विजापूर रोडच्या बाजूला मोकळं मैदान हाय, तितं."

आत्या मूळच्या मंद्रूपच्या. त्यांना सायकल येत होती हे मला माहीत होतं, पण बासष्टाव्या वर्षी स्कूटी! गुडघे दुखतात म्हणून मामा त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकटं पाठवत नसत. शेंगाचटणी विकून त्यांनी स्वतःच्या खात्यात पैसे जमवले होते आणि गुरुवारी 'भजनाला' जात होत्या. डॉक्टरांचा दाखला, शिकाऊ परवाना, सगळं झालं होतं. पक्की टेस्ट तेवढी राहिली होती.

"आणि 'वांगी' कसलं?"

"त्या दिवशी ब्रेक मारायचा ऱ्हायला. वांग्याच्या गाड्यावर गेलो."

मी तोंडावर ओढणी धरली. तेवढ्यात दार उघडलं आणि मामा खुर्ची घेऊनच आत आले. "काय चाललंय? माझ्यासमोर करा. उद्या मला पण करावं लागलं तर?"

मी अंगठ्यानं यादी झाकून बँकेच्या नावावर टिचकी मारली. आता नुसती बँकेची माहिती दिसत होती. खाली 'बँक खातं काढा' असं होतं. मामा चष्मा पुसत म्हणाले, "थांब, वाचू दे." त्यांनी प्रत्येक अक्षर वाचलं. मग मी बटण दाबलं, त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. बँक गेली.

"हिचा पिन पण गेला?" मामा.

"नाही. तो बँकेच्या खात्याचा. दुसऱ्या ॲपात हेच खातं जोडलं तर तोच चालेल."

"हप्ता-बिप्ता काही आपोआप जात नव्हता ना?"

तेही पाहिलं, काही नव्हतं. मामा खूश झाले. आत्या मात्र माझ्या पायाला पाय लावत होत्या. यादीचं काय?

"मामा, चहा घेणार?" मी विचारलं.

"घेतला की आत्ताच."

"मग चटणीच्या शेंगा तपासा जरा," आत्या म्हणाल्या. "खवट वास येतोय."

शेंगांच्या नावानं मामा उठले. गच्चीत पोतं होतं. पावलं वर गेल्यावर मी यादी पुन्हा उघडून शोधून पाहिलं. एकेका व्यवहारावर दाबलं. पुसायचं बटण कुठंच नव्हतं. चॅटमधला निरोप पुसला, तर चॅटमधून गेला. यादीत 'भाजी' तशीच.

"पुसता येत नाही, आत्या."

"माझं पैसं, माझा फोन, आन् पुसायचं न्हाई?"

"खातं डिलीट केलं की या फोनवर दिसणार नाही. पण बँकेत नोंद राहणार. त्या बाईकडंही राहणार. ते कुणालाच पुसता येत नाही."

"बँकेत कोण जातंय बघायला," आत्या म्हणाल्या. "कर डिलीट."

खातं डिलीट करताना त्यानं नंबर मागितला, काय काय जाणार ते सांगितलं: निरोप, ग्रुप, सगळं. आत्यांनी स्वतः शेवटचं बटण दाबलं. मामा शेंगा चांगल्या आहेत असं सांगत खाली आले, तेव्हा फोन निर्दोष मुद्रेनं टेबलावर पडला होता.

मंगळवारी आत्यांचा नवा फोन वाजला. त्यांचे हात तिखटात होते. मी डबा भरत होते. मामांनी फोन उचलला आणि ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लावला.

"अम्मा, मैं कब से पैसे डालरी, तुमारे कू जातेच नै," पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज. "बँक निकाल डाले क्या? पिछले गुरुवार गाडी पंक्चर थी, वो क्लास के पैसे वापस करने थे. और टेस्ट कू आठ बजे आना."

"कसली टेस्ट? रक्ताची?" मामा म्हणाले.

"नै बाबा, स्कूटी की!"

खलबत्त्याचा आवाज थांबला. मी आत्यांकडं पाहिलं, आत्यांनी माझ्याकडं, आणि आम्ही दोघींनी मिळून खिडकीबाहेर. गुपित आम्ही इतक्या काळजीनं पुसलं होतं की, बँक काढली म्हणूनच ते फोन करून घरी आलं होतं.

मामांनी फोन ठेवला. चष्मा पुसला.

"किती दिवस चाललंय?"

"पाच महिने," आत्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण मान खाली नव्हती. "तुमी नको म्हनला असता."

"म्हणालोच असतो," मामा म्हणाले. "पडलीस का कधी?"

"एकदा."

"लागलं?"

"वांग्यास्नी लागलं."

मामांना हसू आवरेना. मग रागही आला. दोन्ही एकदम आल्यानं त्यांना ठसका लागला आणि मी पाणी दिलं. त्याच संध्याकाळी ते नवी पेठेत जाऊन हेल्मेट घेऊन आले. आत्यांच्या अंबाड्यावर ते बसेना. दुसऱ्या दिवशी बदलून आणलं.

टेस्टला मी रजा काढून गेले. आत्या आठाच्या आकड्यात गाडी फिरवत होत्या. कुंपणाशी उभे असलेले मामा प्रत्येक वळणाला आपलंच अंग तिरकं करत होते. आत्या पहिल्या फेरीत पास झाल्या. मामांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "आमच्या मंडळी आहेत. मीच सोडायला आलोय."

स्कूटी शिकवणाऱ्या बाई परत देणार होत्या ते पैसे आत्यांनी शेवटी घेतलेच नाहीत. त्याऐवजी चटणीचा एक डबा दिला.